खरेदीच्या वाटाघाटीची तयारी: लक्ष्य भाव, पर्याय आणि माघारीची मर्यादा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढच्या सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण चालवले आहे. एका कारखान्याला वर्षाला ६०,००० पुठ्ठ्याची खोकी लागतात. आत्ताचा पुरवठादार (त्याला "जुना" म्हणू) खोक्यामागे २०.०० घेत होता आणि नव्या वर्षासाठी २२.५० मागतो आहे. दुसऱ्या एका पुरवठादाराने ("नवा") १९.६० चे कोटेशन दिले आहे. चलन मुद्दाम लिहिलेले नाही. सगळे आकडे कर वगळून आहेत आणि तुमच्या तुलनेतही ते तसेच असावेत. एक भाव करासह आणि दुसरा करावेगळा, ही गल्लत वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

१. लक्ष्य भाव, पर्याय आणि माघारीची मर्यादा हे तीन वेगळे शब्द कशाला? शेवटी "किती द्यायचे" एवढेच ठरवायचे ना?

तिघांची कामे वेगळी आहेत. पर्याय म्हणजे हा सौदा मोडला तर तुम्ही प्रत्यक्षात काय कराल ते. तो आकडा नसतो, ती कृती असते. व्यवस्थापनाच्या वर्गांत यालाच "बाटना" म्हणतात. माघारीची मर्यादा हा त्या कृतीतून निघणारा आकडा. त्याच्यापुढे एक छदामही द्यावा लागला तर सौदा करण्यापेक्षा पर्यायाकडे जाणे स्वस्त पडते. लक्ष्य भाव म्हणजे ज्याला ठोस कारण देता येते आणि जो समोरच्याला परवडूही शकतो, असा तुमच्या दृष्टीने चांगला भाव.

मर्यादा तुम्हाला वाईट सौद्यापासून वाचवते. चांगल्या सौद्याकडे ती नेत नाही, ते काम लक्ष्याचे. एकाच आकड्याला दोन्ही कामे दिली की बहुतेक वेळा सौदा मर्यादेच्या जवळ जाऊन थांबतो. "मर्यादेत बसले" म्हणून खरेदी करणारा खूश होतो आणि टेबलावर राहिलेले पैसे त्याला दिसत नाहीत.

२. तिघांपैकी आधी काय काढायचे?

आधी पर्याय, मग मर्यादा, शेवटी लक्ष्य. बरेच जण उलट्या क्रमाने जातात. मनात एक आवडता भाव धरतात, त्यात दहा टक्के मिळवून मर्यादा ठरवतात आणि पर्यायाचा विचार सौदा फिसकटल्यावर करतात. अशा मर्यादेला आधार नसतो, म्हणून समोरच्याने जरा जोर लावला की ती सरकते. पर्यायातून मोजून काढलेल्या मर्यादेमागे हिशेबाचा कागद असतो. ती हलवायची तर त्या कागदावरची एखादी ओळ चुकीची आहे हे दाखवावे लागते.

३. नव्याचा भाव १९.६० आहे. मग जुन्यासाठी आमची मर्यादा १९.६० हीच ना?

नाही. या विषयातली सगळ्यात महागडी चूक हीच. १९.६० हा नव्याच्या दारातला, त्याच्या अटींवरचा भाव आहे. जुना माल पोचवून देतो, ४५ दिवसांची उधारी देतो, आणि त्याची खोकी तुमच्या पॅकिंग लाइनवर चालतात हे ठाऊक आहे. दोघांची तुलना करायची तर नव्याचा भाव जुन्याच्या अटींवर आणावा लागतो. ओळीने पाहू.

ट्रकभाडे: एका ट्रकमध्ये ४,००० खोकी मावतात आणि एका फेरीला ३,६०० लागतात. म्हणजे खोक्यामागे ०.९०.

डाय आणि छपाईच्या प्लेट: नव्याकडे त्या नव्याने बनवाव्या लागतील. एकदाचा खर्च २४,०००. तो ६०,००० खोक्यांवर वाटला की ०.४०. इथे विचारून घ्या की डाय कोणाच्या मालकीचा राहणार. पैसे तुमचे आणि डाय त्याचा असेल, तर पुढच्या वर्षी पुरवठादार बदलताना हाच खर्च पुन्हा पडेल.

उधारी: नवा माल पोचताच पैसे मागतो. तुम्हाला खेळते भांडवल वार्षिक १२ टक्क्यांनी पडत असेल, तर २० च्या आसपासच्या भावावर ४५ दिवसांचे व्याज साधारण ०.३० होते.

रिजेक्शन: जुन्याची शेकडा एक खोकी वाया जातात. नव्याचा अनुभव नाही, म्हणून पहिल्या वर्षी शेकडा तीन धरली. जास्तीची दोन टक्के म्हणजे ०.४०. खराब माल बदलून देण्याची अट नव्याने लेखी मान्य केली तर ही ओळ कमी होईल.

बदलाचा खर्च: चाचणीची बॅच, तपासणीचा वेळ, सुरुवातीला जास्तीचा साठा. मिळून १२,००० धरले, म्हणजे ०.२०.

बेरीज: १९.६० + ०.९० + ०.४० + ०.३० + ०.४० + ०.२० = २१.८०.

जुन्यासाठी तुमची माघारीची मर्यादा २१.८० आहे, तीही त्याच्या आत्ताच्या अटी तशाच राहणार असतील तर. १९.६० वर अडून बसलात आणि जुना २०.९० ला तयार असताना उठलात, तर खोक्यामागे ०.९० आणि वर्षाचे ५४,००० हातचे घालवाल. वर समाधान असे की आपण स्वस्त घेतले.

४. आमच्याकडे बजेट ठरलेले असते. तीच मर्यादा का धरू नये?

बजेट हा घरातला आकडा आहे. बाजारात तुमच्यापुढे दुसरे काय आहे याची त्याला खबर नसते. समजा मंजूर बजेट २३.०० आहे. ती मर्यादा धरली तर जुन्याचे २२.५० "बजेटमध्ये" बसतात आणि तुम्ही सही करता, जेव्हा २१.८० चा पर्याय समोर होता. उलट बजेट २१.०० असेल तर २१.५० ला जमणारा चांगला सौदा मोडून तुम्ही २१.८० च्या पर्यायाकडे जाल किंवा खरेदीच अडकेल.

बजेट मर्यादेपेक्षा कमी असेल तर बोलणी सुरू होण्याआधी हिशेबाचा कागद घेऊन मंजुरी वाढवून घ्या. समोरच्यापुढे बसल्यावर "वरून मंजुरी नाही" म्हणणे हा डावपेच म्हणून ठीक, पण ते खरेच तसे असेल तर तुमच्या हातात निर्णय नाही.

५. पर्याय म्हणजे दुसरा पुरवठादारच असायला हवा का?

नाही. सौदा न झाल्यास जे काही करता येईल ते सगळे पर्यायच. खरेदी तीन महिने पुढे ढकलणे, एकाच मापाऐवजी बाजारात तयार मिळणारे माप वापरणे, निम्मी खरेदी इथून आणि निम्मी तिथून करणे, काही काम घरात करणे. यंत्रासारख्या एकरकमी खरेदीत "जुनेच दुरुस्त करून आणखी एक वर्ष चालवणे" हा पर्याय पुष्कळदा सगळ्यात चांगला निघतो आणि तोच यादीत नसतो.

मात्र मर्यादा काढताना त्यातला सगळ्यात चांगला असा एकच पर्याय धरायचा. पाच-सहा शक्यता असल्या की "आपल्याकडे बरेच मार्ग आहेत" असे वाटते आणि मर्यादा नकळत खाली येते. सौदा मोडला तर त्या पाचांपैकी एकच मार्ग तुम्ही चालणार आहात, आणि हिशेब त्याचाच.

६. नव्याने भाव फोनवर सांगितला आहे, नमुने अजून तपासलेले नाहीत. तरी तो पर्याय धरता येईल?

धरता येईल, पण त्याची किंमत २१.८० राहत नाही. नमुने चाचणीत उतरले नाहीत तर काय, हे आधी विचारा. समजा मग तिसऱ्या पुरवठादाराकडे जावे लागेल आणि तो सगळे धरून २३.२० ला पडतो. नवा चाचणीत उतरण्याची शक्यता तुम्ही दहांत सहा मानता. मग आजच्या घडीला तुमच्या पर्यायाची सरासरी किंमत अशी येते:

२१.८० चे ६० टक्के १३.०८, २३.२० चे ४० टक्के ९.२८. एकूण २२.३६.

जुन्याची मागणी आहे २२.५०. तुम्ही मनात २१.८० धरून ताठ बसला आहात आणि कागद सांगतो आहे की तुमची खरी जागा त्याच्या मागणीच्या अगदी जवळ आहे.

यावर इलाज स्वस्त आहे. बोलणीच्या आधी नमुने मागवून लाइनवर चालवून पाहा. दोनशे खोकी चालवली की वळणे फाटतात का, डिंक सुटतो का, थप्पी लावल्यावर खालचे खोके दबते का, हे बहुतांश कळते. उतरले तर मर्यादा पक्की २१.८०. नाही उतरले तर ती २३.२० होते. हे ऐकायला वाईट, पण टेबलावर उशिरा कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे, शिवाय चौथा पुरवठादार शोधायला वेळ मिळतो. सोबत नव्याकडून लेखी कोटेशन घ्या आणि त्यावरची मुदत पाहा. कोटेशन १५ तारखेला संपत असेल आणि जुन्याशी बैठक २० तारखेला असेल, तर त्या दिवशी तुमच्याकडे पर्याय नसतो, असल्याचा फक्त भास असतो.

७. लक्ष्य भाव कसा काढायचा? २२.५० वरून दहा टक्के कमी, असे धरले तर?

त्याच्या मागणीवरून मोजलेले लक्ष्य त्यानेच ठरवलेले असते. त्याने २५ मागितले असते तर तुमचे लक्ष्यही तेवढ्याने वर गेले असते. लक्ष्य त्याच्या खर्चावरून किंवा बाजारातल्या तुलनेवरून काढा.

उदाहरणात जुना भाव २०.०० हा चांगला पाया आहे, कारण त्या भावात त्याने वर्षभर माल दिला. साध्या खोक्यात कागदाचा वाटा मोठा असतो. इथे तो ६० टक्के, म्हणजे १२.०० धरला. कागद ५ टक्क्यांनी महागला असेल तर वाढ ०.६०. उरलेल्या ८.०० मध्ये मजुरी, वीज, वाहतूक, नफा हे सगळे येते आणि तिथे अडीच टक्के वाढ धरली तर ०.२०. मिळून २०.८०. हे तुमचे लक्ष्य. "कागद एवढा वाढला, बाकी एवढे वाढले, म्हणून एवढे" असे ते समोर मांडता येते.

कागदाचा वाटा किती हे माहीत नसेल तर खोक्याचे वजन करा, पुठ्ठ्याचे थर मोजा आणि त्या प्रतीच्या कागदाचा किलोचा भाव दोन ठिकाणी विचारा. तासाभराचे काम आहे. अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तरी हवेतल्या आकड्यापेक्षा तो बरा.

लक्ष्य गाठता येण्याजोगे असावे, पण आरामात गाठता येईल असे नको. तुमच्या आधीच्या दहा बोलण्यांत दहाही वेळा लक्ष्य गाठले असेल तर ते फार वर ठेवले जात आहे.

८. समोरच्याची मर्यादा कळू शकते का?

नेमकी नाही, पण पट्टा बांधता येतो. विकणाऱ्यालाही पर्याय असतो: तुमची ऑर्डर गेली तर त्या यंत्राचा वेळ तो कुठे वापरेल? त्याच्याकडे काम भरपूर असेल तर त्याची मर्यादा वर असते. यंत्र रिकामे राहणार असेल तर कागद, वीज, वाहतूक निघून वर काही उरले तरी तो काही काळ तयार होतो, पण वर्षभराच्या करारात त्याला भाडे आणि पगारही काढायचे असतात. आपल्या उदाहरणात त्याची मर्यादा २०.१० ते २०.९० च्या मध्ये कुठेतरी धरणे रास्त.

याची खूण बैठकीच्या आधी सापडते. नेहमीपेक्षा जास्त माल तातडीने मागून पाहा. "परवा पाठवतो" म्हणाला तर यंत्र मोकळे आहे. "तीन आठवडे थांबा" म्हणाला तर कामाची रांग आहे.

त्याची मर्यादा २०.५० असेल आणि तुमची २१.८०, तर या १.३० च्या पट्ट्यात कुठेही सौदा झाला तरी दोघांना पर्यायापेक्षा चांगला पडतो. वर्षाचे हे ७८,००० होतात आणि सगळी बोलणी या रकमेच्या वाटणीसाठी असते. त्याची मर्यादा तुमच्या मर्यादेच्या वर असेल तर पट्टाच नाही. मग बोलण्याचे कौशल्य कामाला येत नाही, अटी बदलाव्या लागतात (प्रश्न १०).

या अंदाजाचा उपयोग लक्ष्यासाठी करा. तुमची मर्यादा त्यावरून हलवू नका. ती तुमच्या पर्यायावर उभी आहे.

९. पहिला आकडा आपण सांगावा का? सांगितला तर किती?

माहिती चांगली असेल तर सांगावा. पहिला आकडा पुढची चर्चा स्वतःभोवती ओढून घेतो. समोरच्याच्या भावाची तुम्हाला काहीच कल्पना नसेल तर आधी त्याला बोलू द्या, नाहीतर तो १९.९० ला देणार असताना तुम्ही २०.३० म्हणून बसाल.

आपल्या उदाहरणात तो २२.५० आधीच बोलला आहे. त्याचा परिणाम पुसायचा तर प्रतिप्रस्ताव कारणासकट यायला हवा. उदाहरणार्थ: जुना भाव २०.००, कागदाची वाढ ०.६० मान्य, पण यापुढे आम्ही दर वेळी पूर्ण ट्रक मागवू, त्यामुळे तुमची वाहतूक खोक्यामागे ०.३० ने वाचते. म्हणून २०.३०. हा आकडा कमी आहे, पण हास्यास्पद नाही. मजुरी-विजेचे ०.२० यात आलेले नाहीत, ते तो काढेलच. तेव्हा द्यायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

"शेवटी दोघांच्या मध्यावर येते" हे गृहीत धरून उलटे गणित मांडणारे पुष्कळ आहेत. त्या हिशेबाने २०.८० ला पोचायचे तर सुरुवात १९.१० ने करावी लागेल. त्या आकड्याला देण्यासारखे एकही कारण नाही, आणि कारण नसलेला आकडा समोरचा मोजतच नाही.

ॲडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवाइलर यांच्या २००१ मधल्या प्रयोगांत असे दिसले की समोरच्याच्या पहिल्या आकड्याची ओढ, ऐकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या लक्ष्यावर किंवा समोरच्याच्या पर्यायावर असेल तर बरीच कमी होते. म्हणून बैठकीत न्यायच्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात २०.८० लिहा. २१.८० मागच्या बाजूला.

१०. भावाशिवाय उधारी, डिलिव्हरी, करार किती वर्षांचा, हेही असते. मग एकच मर्यादा कशी?

मर्यादा नेहमी "अमुक अटींवर" अशी लिहायची: २१.८०, माल पोच, ४५ दिवस उधारी. मग प्रत्येक अट बदलली तर तुम्हाला ती कितीला पडते, याची छोटी यादी आधी करून ठेवायची. या भावाला १५ दिवसांची उधारी साधारण ०.१० ची. म्हणजे त्याने ३० दिवसांवर आणले तर तुमची मर्यादा २१.७० होते.

खरा फायदा दोघांना वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टींत असतो. तुम्हाला पैसा १२ टक्क्यांनी पडतो आणि त्याला १८ टक्क्यांनी पडत असेल, तर १५ दिवस लवकर पैसे देणे तुम्हाला ०.१० ला पडते पण त्याला ०.१५ ची सोय होते. पूर्ण ट्रक मागवल्याने त्याचे ०.३० वाचतात. तुम्हाला जास्तीच्या साठ्यासाठी जागा लागते, ती ०.०८ ला पडते असे धरा. अशा सवलती भाव अडल्यावर द्यायच्या असतात आणि देतानाच बदल्यात काय हवे ते सांगायचे असते. सुरुवातीलाच "आम्ही पैसे लवकर देऊ" म्हणून मोकळे झालात, तर ती अट त्याच्या खिशात गेली आणि बोलणी पुन्हा २२.५० वरून सुरू.

११. "तुमचे बजेट किती?" किंवा "दुसऱ्याने किती सांगितले?" असे विचारले तर काय सांगायचे?

मर्यादा सांगायची नाही. ती कळली की सौदा तिथेच होतो. खोटेही सांगायचे नाही. "नव्याने १८ दिले" असे म्हणालात आणि तो "मग तिकडून घ्या" म्हणाला, तर पुढचे वाक्य तुमच्याकडे नसते. धंद्यात माणसे एकमेकांना ओळखतात आणि असे आकडे लवकर उघडे पडतात.

पर्याय आहे हे सांगा, आकडा सांगू नका: "दुसरीकडचे नमुने लाइनवर चालवून पाहिले आहेत, लेखी कोटेशन हातात आहे." चाचणी झाली आहे या वाक्याचे वजन कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त असते. पर्याय कमकुवत असेल तर विषय खर्चाच्या हिशेबाकडे वळवा: "बजेट राहू द्या, २.५० ची वाढ कशाकशाची आहे ते सांगा."

१२. बोलणी चालू असताना मर्यादा बदलली तर चालते का?

नवी माहिती मिळाली तर बदलायलाच हवी. दडपण आले म्हणून बदलायची नाही. दोन्हींतला फरक बैठकीत बसून ओळखू येत नाही, म्हणून साधी कसोटी ठेवा: प्रश्न ३ च्या हिशेबातली कोणती ओळ बदलली? "नव्याने भाव वाढवला" ही ओळ आहे. "ट्रकभाडे ३,६०० नाही, ४,२०० आहे" ही ओळ आहे (त्याने ०.९० चे १.०५ होतात आणि मर्यादा २१.९५). "इतके महिने बोलतोय, आता मोडायला नको" ही ओळ नाही. "समोरचा माणूस चांगला आहे" हीसुद्धा नाही.

ओळ बदलली तरी नवा आकडा बैठकीबाहेर जाऊन काढा. दहा मिनिटांची सुट्टी मागायला कोणी नाही म्हणत नाही.

१३. शेवटचा भाव २१.९० वर अडला. फक्त ०.१० साठी सौदा मोडायचा?

वर्षाचे ६,००० म्हणून पाहा आणि दोन गोष्टी करा. पहिली, हिशेब पुन्हा तपासा. रिजेक्शनची ओळ अंदाजाची आहे. तीन टक्क्यांऐवजी चार निघाले तर पर्याय २२.०० ला पडतो, दोनच निघाले तर २१.६० ला. म्हणजे मर्यादा ही रेघ असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना थोडी धूसर जागा आहे. पण त्या जागेचा आधार बैठकीत घ्यायचा नाही. "उद्या कळवतो" म्हणून उठा आणि कागद समोर ठेवून ठरवा.

दुसरी, भाव सोडून दुसरीकडून ०.१० काढता येतात का पाहा. ४५ ऐवजी ६० दिवसांची उधारी मिळाली तर २१.९० वर साधारण ०.११ वाचतात आणि सौदा २१.७९ ला पडल्यासारखा होतो. त्याचा आकडा तसाच राहतो, त्याला मालकाला तोंड दाखवता येते. तेही नको म्हणाला तर उठायचे, आणि नव्याला फोन त्याच दिवशी करायचा. तो फोन करण्याची तुमची खरेच तयारी नसेल, तर २१.८० ही तुमची मर्यादा कधी नव्हतीच.

१४. उलटे झाले: त्याचा पहिलाच आकडा आमच्या लक्ष्यापेक्षा कमी आला. लगेच हो म्हणायचे?

नाही. समजा २०.८० चे लक्ष्य घेऊन गेलात आणि तो २०.४० म्हणाला. दोनच शक्यता आहेत: तुमचे लक्ष्य चुकले आहे किंवा माल तोच नाही. दुसरी आधी तपासा. कागदाची प्रत, थर, वजन, छपाईचे रंग, पोच की त्याच्या दारात, उधारी किती, भाव किती महिने टिकणार. खोक्यात प्रत एक पायरी उतरवली तरी नुसत्या डोळ्यांना कळत नाही, थप्पी लावल्यावर कळते.

सगळे तेच असेल तर लक्ष्य खाली आणा, कारण त्याची मर्यादा तुमच्या अंदाजापेक्षा खाली आहे हे त्यानेच सांगितले. फार ताणू नका. भाव वर्षभर स्थिर ठेवणे, खराब माल बदलून देणे अशा अटी मागणे इथे जास्त फायद्याचे. आणि चेहऱ्यावर आनंद दिसू देऊ नका, पुढच्या वर्षी तो लक्षात ठेवतो.

१५. आम्हाला पर्यायच नाही. एकच पुरवठादार हा भाग बनवतो. मग हे सगळे लागू होते का?

लागू होते. मर्यादा फक्त वर जाते, नाहीशी होत नाही. तो भाग मिळालाच नाही तर काय होईल? उत्पादन बंद राहील, तर एका महिन्याचे नुकसान किती? त्या भागाशिवाय चालणारी रचना करायला किती खर्च आणि किती महिने? हे आकडे मोठे येतात, पण ते आकडे आहेत. ते नसले की मनात मर्यादा "काहीही" असते आणि समोरच्याला ती आवाजावरून कळते.

अशा वेळी तयारीचा बहुतेक वेळ भावावर घालवू नका, पर्याय तयार करण्यात घालवा. दुसऱ्या कारखान्याला थोड्या प्रमाणात तो भाग बनवायला देणे, डाय स्वतःच्या मालकीचा ठेवणे, रेखाचित्रे स्वतःकडे असणे. याचे फळ या वर्षी मिळणार नाही. या वर्षी लहान मुदतीचा करार करा, सहा महिन्यांचा, म्हणजे पर्याय उभा राहीपर्यंत तुम्ही जुन्या भावात अडकून राहणार नाही. तीन वर्षांच्या कराराची सवलत मोहाची असते, आणि एकट्या पुरवठादाराकडून ती येते तेव्हा तिचे कारण बहुधा हेच असते की पर्याय उभा राहू नये.

१६. बैठकीला दोघे-तिघे जातो. आकडे सगळ्यांना माहीत असावेत का?

लक्ष्य आणि त्याचा खर्चाचा हिशेब सगळ्यांना माहीत असावा. मर्यादा बोलणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्याला. तांत्रिक विभागातला माणूस सोबत असेल तर आधी त्याच्याशी बोला, कारण "तुमचा माल आमच्या लाइनवर सगळ्यात छान चालतो" हे वाक्य तो अगदी सहज बोलून जातो आणि प्रश्न ३ मधल्या रिजेक्शनच्या ओळीचे सगळे गणित समोरच्याच्या हातात जाते.